उद्दिष्ट, पैसा आणि महिने : संशोधन प्रस्तावाच्या अंदाजपत्रकाची तपासणी

संशोधनासाठी अनुदान मागणाऱ्या प्रस्तावात तीन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर असतात. सुरुवातीला उद्दिष्टे येतात, म्हणजे काय शोधायचे आहे ते. पुढे वेळापत्रक येते, त्यात कोणते काम कोणत्या महिन्यात होईल ते सांगितलेले असते. शेवटी अंदाजपत्रक आणि त्याचे समर्थन येते. कशासाठी किती पैसे लागतील आणि तेवढेच का लागतील, हे तिथे लिहावे लागते. प्रस्ताव तपासणारा तज्ज्ञ, म्हणजे परीक्षक, बहुधा उद्दिष्टांवर सर्वाधिक वेळ घालवतो आणि शेवटची पाने चाळून सोडून देतो. पण प्रकल्प पुढे अडतो तो बहुतेक वेळा या शेवटच्या पानांमुळे. विषय चांगला असतो, माणसे हुशार असतात, पण पाण्याचे नमुने गोळा करायला गाडीभाड्याची तरतूद नसते, किंवा जे काम मे महिन्यातच करायला हवे ते ऐन पावसाळ्यात येऊन पडते.

भारतात विज्ञान संशोधनाला केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या अनुदानाची रचना ठरलेली आहे. पूर्वी विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे ‘सर्ब’, हे काम पाहत असे. २०२३ च्या कायद्याने त्याची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली. अंदाजपत्रकाचे साधारण दोन भाग असतात. उपकरणांचा खर्च एकदाच होतो म्हणून तो अनावर्ती. संशोधन साहाय्यकाचे मानधन, रसायने, प्रवास आणि आकस्मिक खर्च दरवर्षी होतात म्हणून ते आवर्ती. यांशिवाय संस्थेला वीज, जागा, कार्यालय यांपोटी ओव्हरहेड मिळतो. पैसे टप्प्याटप्प्याने येतात, झालेल्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि एका शीर्षातला पैसा दुसऱ्या शीर्षात वळवायचा तर सहसा परवानगी लागते. म्हणूनच सुरुवातीला चुकीच्या शीर्षात मागितलेली रक्कम नंतर सहज दुरुस्त होत नाही.

ही तपासणी कशी करायची, हे एका प्रस्तावावरून नीट समजते. पुढचा प्रस्ताव समजण्यापुरता रचलेला आहे आणि त्यातल्या किमती गृहीत धरलेल्या आहेत. प्रश्न मात्र खरा आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्यापुढे दीर्घकाळ असे पाणी प्यायल्यास दातांवर डाग पडतात आणि प्रमाण बरेच जास्त असेल तर हाडांवरही परिणाम होतो.

प्रस्ताव काय म्हणतो

एका महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक तीन वर्षांचा प्रकल्प मांडतात. उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, ६० बोअरवेल आणि हातपंपांच्या पाण्यातले फ्लोराइड पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, असे सलग दोन वर्षे मोजणे. दुसरे, फ्लोराइड वाढण्यामागे तिथले खडक आणि पाण्याचे रसायन कसे कारणीभूत आहे हे शोधणे. तिसरे, जिथे प्रमाण १.५ च्या वर आहे तिथल्या ३० घरांत सक्रिय अॅल्युमिनाचे गाळणयंत्र बसवून ते वर्षभर किती काम करते हे पाहणे.

मागणी अशी आहे. आयन क्रोमॅटोग्राफ हे उपकरण २८ लाख रुपये. एका ज्युनियर रिसर्च फेलोचे मानधन दरमहा ३७,००० रुपयांप्रमाणे ३६ महिन्यांचे १३,३२,००० रुपये. रसायने ३ लाख, गाळणयंत्रे १.५ लाख, प्रवास १.५ लाख आणि आकस्मिक खर्च १.५ लाख. ओव्हरहेड सोडून एकूण ४८,८२,००० रुपये. वेळापत्रकात पहिले तीन महिने नेमणूक आणि उपकरण खरेदी, चौथा ते सहावा महिना नमुन्यांची पहिली फेरी, दहावा ते बारावा दुसरी फेरी आणि पुढच्या वर्षी तसेच. गाळणयंत्रांची चाचणी सातव्या ते अठराव्या महिन्यात आणि शेवटचे वर्ष विश्लेषण व लेखनासाठी.

वरवर पाहता यात वावगे काही दिसत नाही. बेरीज बरोबर आहे, तीन उद्दिष्टे आहेत, तीन वर्षे आहेत.

पहिली पायरी : मोजायचे एकक शोधणे

अंदाजपत्रक तपासताना पैशापासून सुरुवात केली की फसगत होते, कारण रक्कम जास्त की कमी हे कशाच्या तुलनेत ठरवायचे तेच कळत नाही. आधी उद्दिष्टांतून कामाचे एकक काढावे लागते. सर्वेक्षणात ते एकक म्हणजे भरलेली एक प्रश्नावली असेल, रुग्णालयातल्या अभ्यासात एक रुग्ण, शेतीच्या प्रयोगात एक वाफा. इथे ते आहे पाण्याचा एक नमुना.

पहिल्या उद्दिष्टात ६० स्रोत, वर्षाला दोन फेऱ्या आणि दोन वर्षे आहेत, म्हणजे २४० नमुने. दुसऱ्या उद्दिष्टासाठी याच नमुन्यांत इतर घटक मोजता येतील, म्हणून नवे नमुने लागत नाहीत. तिसऱ्या उद्दिष्टाचा हिशेब प्रस्तावात कुठेच नाही, पण तो सहज करता येतो. ३० घरे, प्रत्येक घरात गाळण्यापूर्वीचा एक आणि गाळल्यानंतरचा एक नमुना, दर महिन्याला, बारा महिने. हे होतात ७२० नमुने. एकूण ९६०. मोजमाप बरोबर आहे की नाही हे तपासायला दहा टक्के नमुने दुबार किंवा कोरे घ्यायचे म्हटले तर आणखी ९६, म्हणजे एकूण १,०५६.

प्रस्तावातल्या समर्थनात मात्र ‘सुमारे ३०० नमुने’ असे लिहिलेले आहे. ही संख्या पहिल्या उद्दिष्टाला साजेशी आहे. म्हणजे प्रस्ताव लिहिणाऱ्याने खर्चाचा विचार करताना फक्त पहिले उद्दिष्ट डोळ्यांसमोर ठेवले आणि तिसरे नंतर जोडले. असे पुष्कळदा होते. अर्ज आकर्षक व्हावा म्हणून शेवटी समाजोपयोगी उद्दिष्ट घातले जाते आणि कामाचा तीन चतुर्थांश भार त्याच उद्दिष्टात असतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही. परीक्षकाने ही एक संख्या काढली की पुढची जवळजवळ सगळी तपासणी तिच्या आधाराने करता येते.

उपकरण : गरज कोणत्या उद्दिष्टाची

२८ लाखांचे उपकरण म्हणजे मागणीचा निम्म्याहून मोठा भाग. इथे परीक्षक दोन टोकांच्या चुका करतात. काही जण मोठे उपकरण दिसले की ते कापतात, तर काही जण ‘महाविद्यालयात सोय होईल’ म्हणून मान्य करतात. उपकरण चांगले आहे की नाही हा प्रश्नच नाही. ते कोणत्या उद्दिष्टासाठी लागते आणि त्याच्याशिवाय ते उद्दिष्ट अडते का, हे पाहायचे असते.

फ्लोराइड मोजायला आयन क्रोमॅटोग्राफ लागतोच असे नाही. फ्लोराइडचा निवडक इलेक्ट्रोड आणि त्याचे मीटर यांनी हे काम विश्वासार्ह होते आणि खर्च त्याच्या एका छोट्या अंशाइतका येतो. इलेक्ट्रोडने मोजताना नमुन्यात ‘टिसॅब’ नावाचे द्रावण मिसळतात. ते आम्लता स्थिर ठेवते आणि अॅल्युमिनियमशी बांधलेले फ्लोराइड मोकळे करते. या प्रकल्पात ती गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण सक्रिय अॅल्युमिनातून थोडे अॅल्युमिनियम पाण्यात उतरू शकते. ते फ्लोराइडला धरून ठेवते आणि टिसॅब नसेल तर गाळलेल्या पाण्यातले फ्लोराइड खऱ्यापेक्षा कमी दिसते. म्हणजे गाळणयंत्र आहे त्याहून चांगले ठरते.

तरीही आयन क्रोमॅटोग्राफची मागणी अगदीच निराधार नाही. दुसऱ्या उद्दिष्टासाठी क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट मोजावे लागतील आणि ते काम हे उपकरण उत्तम करते. पण त्या उद्दिष्टाचे नमुने २४० आहेत. ते बाहेरच्या प्रयोगशाळेतून सगळ्या मुख्य घटकांसाठी तपासून घेतले आणि नमुन्यामागे १,५०० रुपये धरले, तर ३,६०,००० रुपये होतात. देशातल्या संशोधन संस्थांची उपकरणे इतरांना शुल्क देऊन वापरता यावीत म्हणून केंद्र सरकारचे ‘आय-स्टेम’ नावाचे पोर्टल आहे. प्रस्तावात या पर्यायाचा उल्लेखही नाही. शिवाय उपकरण घ्यायचे तर अतिशुद्ध पाणी, बदलावे लागणारे कॉलम, अखंड वीज आणि हमीकाळानंतरचा देखभाल करार यांची तरतूद हवी. मागणीत यांपैकी एकाही गोष्टीचा पैसा नाही. उपकरण मागितले पण ते चालवण्याचा खर्च मागितला नाही, तर प्रकल्प संपल्यावर त्याच्यावर आच्छादन पडते, हे अनेक प्रयोगशाळांत पाहायला मिळते.

यावर परीक्षकाने ‘उपकरण नाकारावे’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. इलेक्ट्रोडचे दोन संच आणि मीटर यांसाठी २.५ लाख, बाहेरच्या तपासणीसाठी ३.६ लाख, आणि तरीही उपकरण हवेच असेल तर २४० नमुन्यांपलीकडचे काम कोणते हे अर्जदाराने सांगावे, असे लिहिले की अर्जदाराला उत्तर देता येते आणि समितीला निर्णय घेता येतो.

मानधन, रसायने, प्रवास : कमी मागितलेलेही तपासायचे

परीक्षण म्हणजे जास्तीची मागणी पकडणे, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात कमी मागितलेली रक्कम तितकीच धोक्याची असते. प्रस्ताव स्वस्त दिसावा म्हणून अर्जदार आवर्ती खर्च आखडता घेतो, अनुदान मंजूर होते आणि दुसऱ्या वर्षी एकेक उद्दिष्ट गळू लागते.

मानधनाचा हिशेब पाहावा. १ जानेवारी २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोला पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर सीनियर रिसर्च फेलो म्हणून ४२,००० रुपये असा दर आहे. त्यावर शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता मिळतो, लहान शहरांत तो सध्या दहा टक्के धरावा लागतो. प्रस्तावात दर वाढवलेला नाही आणि भत्ता धरलेला नाही. उलट महिने मात्र ३६ धरले आहेत, जरी वेळापत्रकात पहिले तीन महिने नेमणुकीलाच दिलेले आहेत. माणूस चौथ्या महिन्यात रुजू झाला तर २४ महिने ३७,००० ने आणि ९ महिने ४२,००० ने, अधिक भत्ता, असे १३,९२,६०० रुपये होतात. प्रस्तावातली रक्कम याच्या जवळपास आहे, पण ती दोन चुका एकमेकींना झाकत असल्यामुळे. एकूण आकडा बरोबर वाटला तरी तो कसा आला हे पाहावे लागते, ते यासाठी.

रसायनांच्या समर्थनात एकच वाक्य आहे : ‘प्रयोगांच्या गरजेनुसार’. हे समर्थन नव्हे. समर्थनात संख्या, दर आणि गुणाकार दिसला पाहिजे. प्रस्तावात टिसॅब ५ लिटर मागितलेले आहे. नेहमीच्या पद्धतीत २५ मिलिलिटर नमुन्याला तितकेच टिसॅब लागते. १,०५६ नमुन्यांना २६.४ लिटर आणि प्रमाण द्रावणांसाठी थोडे जास्त, म्हणजे सुमारे ३० लिटर. पाच लिटर टिसॅब २०० नमुन्यांतच संपेल. नमुन्यांची चुकलेली संख्या एका बाटलीच्या मागणीत अशी उघड होते.

प्रवासाचेही तसेच. एका गाडीने दिवसाला सहा स्रोत होतात असे धरले तर एका फेरीला दहा दिवस आणि चार फेऱ्यांना ४० दिवस. ३० घरांना दर महिन्याला तीन दिवस धरले तर वर्षाला ३६ दिवस. एकूण ७६ दिवस. दिवसाला ४,००० रुपये गाडीभाडे धरले तर ३,०४,००० रुपये होतात. प्रस्तावात प्रवासाला दीड लाख आहेत आणि त्यातच परिषदांना जाण्याचा खर्चही घातलेला आहे. ही तफावत लहान वाटते, पण परिणाम ठरलेला आहे. दर महिन्याऐवजी दर तीन महिन्यांनी घरांना भेट दिली जाईल, आणि गाळणयंत्र नेमके कधी निकामी झाले ते कळणारच नाही.

गाळणयंत्र निकामी होणारच, हेही रसायनशास्त्रच सांगते. सक्रिय अॅल्युमिना किंचित आम्लधर्मी पाण्यात सर्वांत चांगले काम करते आणि पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर त्याची क्षमता लवकर संपते. ज्या भूजलात फ्लोराइड जास्त असते त्यात बायकार्बोनेटही बहुधा जास्त असते. म्हणून वर्षात किमान एकदा अॅल्युमिना बदलावे लागेल हे गृहीत धरायला हवे. प्रस्तावात ३० यंत्रे ५,००० रुपयांप्रमाणे मागितली आहेत, पण बदलायच्या अॅल्युमिनासाठी आणि मोडलेल्या यंत्राऐवजी ठेवायच्या सुट्या यंत्रांसाठी काहीच नाही. घरटी १,५०० रुपये आणि तीन सुटी यंत्रे धरली तर ६०,००० रुपये वाढतात.

ज्या उद्दिष्टाला पैसाच नाही

आतापर्यंतची तपासणी मागितलेल्या रकमेवरून होती. आता उलट दिशेने जायचे. प्रत्येक उद्दिष्ट घेऊन विचारायचे की यासाठी कोणत्या ओळीत पैसा आहे, कोण माणूस आहे आणि कोणते महिने आहेत.

दुसऱ्या उद्दिष्टात खडकांचा शब्द आहे. फ्लुओराइट, अभ्रक यांसारख्या खनिजांतून फ्लोराइड पाण्यात येऊ शकते, पण कोणत्या खनिजातून येते हे पाण्यावरून पूर्ण सिद्ध होत नाही. त्यासाठी खडकांचे नमुने घेऊन त्यांची खनिजे ओळखावी लागतात. अंदाजपत्रकात खडकांच्या तपासणीची ओळ नाही, वेळापत्रकात तो टप्पा नाही आणि संशोधकांच्या यादीत भूवैज्ञानिक नाही. तिन्ही ठिकाणी रिकामे असलेले उद्दिष्ट केवळ कागदावर आहे. उपाय दोन. एक तर खडकांचे वीस नमुने तपासण्यासाठी ६०,००० रुपये आणि सहसंशोधक म्हणून एक भूवैज्ञानिक घ्यावा, किंवा उद्दिष्टाची भाषा ‘पाण्याच्या रसायनावरून संभाव्य कारणांचा अंदाज’ इतकी मर्यादित करावी. दुसरा पर्यायही प्रामाणिक आहे आणि परीक्षकाने तो सुचवायला संकोच करू नये.

वेळापत्रक : महिना क्रमांक चार म्हणजे कोणता महिना

वेळापत्रकात महिने क्रमांकाने लिहितात, कारण मंजुरी केव्हा येईल हे कोणालाच माहीत नसते. प्रयोगशाळेच्या चार भिंतींआड होणाऱ्या कामाला याने फरक पडत नाही. ऋतूंशी बांधलेल्या कामाला पडतो. म्हणून एक संभाव्य तारीख धरून क्रमांकांच्या जागी खरे महिने लिहून पाहावेत.

प्रकल्प १ ऑक्टोबरला सुरू झाला असे धरू. चौथा ते सहावा महिना म्हणजे जानेवारी ते मार्च. दहावा ते बारावा म्हणजे जुलै ते सप्टेंबर. पहिले उद्दिष्ट पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे म्हणते, त्यासाठी मे आणि नोव्हेंबर हे योग्य महिने. प्रस्तावातली एक फेरी हिवाळा सरताना होते आणि दुसरी भर पावसात, जेव्हा पाझरणाऱ्या पाण्याने भूजल सतत बदलत असते आणि काही गावांचे रस्तेही बंद असतात. नमुने मिळतील, आकडे मिळतील, पण ज्या प्रश्नासाठी पैसा घेतला त्याचे उत्तर त्यांत नसेल.

दुसरा दोष क्रमाचा आहे. गाळणयंत्रे १.५ च्या वर फ्लोराइड असलेल्या ठिकाणी बसवायची आहेत. ती ठिकाणे पहिल्या उद्दिष्टाच्या निकालांवरून ठरणार, आणि पाऊस पडून गेल्यावर प्रमाण बदलू शकते म्हणून दोन्ही ऋतूंचे निकाल हवेत. प्रस्तावात चाचणी सातव्या महिन्यात, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या आधीच सुरू होते. वेळापत्रकातल्या प्रत्येक पट्टीला ‘हे सुरू होण्याआधी काय हातात हवे’ हा प्रश्न विचारला की असे दोष सापडतात. याच प्रश्नातून तिसरी गोष्ट निघते. माणसे पिणार असलेल्या पाण्यावर प्रयोग होणार आहे, तर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि घरच्यांची लेखी संमती लागेल. त्यासाठी एकही महिना ठेवलेला नाही.

चौथा दोष खरेदीचा. सरकारी पैशाने उपकरण घ्यायचे तर तपशील ठरवणे, जीईएम पोर्टल किंवा निविदा, समितीची छाननी, मागणीपत्र, पुरवठा, जोडणी आणि प्रशिक्षण एवढ्या पायऱ्या असतात. परदेशी बनावटीच्या २८ लाखांच्या उपकरणाला यात सहा महिने सहज जातात. तीन महिन्यांत ते चालू होईल हे गृहीतच चुकीचे आहे, आणि पहिली फेरी त्यावरच अवलंबून आहे.

सुधारलेले वेळापत्रक असे बसते. पहिल्या तीन महिन्यांत नेमणूक, इलेक्ट्रोडची खरेदी आणि नैतिकता समितीकडे अर्ज. जानेवारी ते एप्रिल स्रोतांची निवड आणि पद्धतीचा सराव. आठव्या महिन्यात, म्हणजे मेमध्ये, पहिली फेरी आणि चौदाव्यात, म्हणजे नोव्हेंबरमध्ये, दुसरी. पंधरा ते अठरा या महिन्यांत घरांची निवड, संमती आणि यंत्रांची जोडणी. एकोणीस ते तीस वर्षभराची चाचणी, तिच्यातच विसाव्या आणि सव्विसाव्या महिन्यात उरलेल्या दोन फेऱ्या. शेवटचे सहा महिने विश्लेषण, लेखन आणि गावांना निकाल सांगणे. चाचणी संपल्यावर त्या ३० घरांनी कोणते पाणी प्यायचे, याचेही उत्तर याच टप्प्यात हवे. मंजुरी एप्रिलमध्ये आली तर आठवा महिना नोव्हेंबर होतो आणि चौदावा मे. फेऱ्यांचे महिने तेच राहतात, फक्त क्रम उलटतो. म्हणजे हे वेळापत्रक दोन्ही तारखांना टिकते.

एवढे झाल्यावर सर्वांत भाराचा महिना शोधावा. इथे तो विसावा आहे. त्या महिन्यात फेरीचे ६० नमुने आणि घरांचे ६० नमुने येतात, क्षेत्रावर तेरा दिवस जातात आणि मोजणीला चार-पाच दिवस लागतात. एका फेलोला ते ओढाताणीचे पण शक्य आहे. तो फेलो मध्येच नोकरी लागून गेला तर काय, याचे उत्तर प्रस्तावात असावे. प्रमुख संशोधकाचे अध्यापनाचे तास आणि चालू असलेले इतर प्रकल्पही याच वेळी पाहून घ्यावेत.

वर्षनिहाय ताळा

शेवटची पायरी म्हणजे अंदाजपत्रकाची वर्षे आणि वेळापत्रकाची वर्षे शेजारी ठेवणे. प्रस्तावात गाळणयंत्रांचा सगळा पैसा पहिल्या वर्षात आहे आणि रसायनांचा तिन्ही वर्षांत सारखा, वर्षाला एक लाख. सुधारलेल्या वेळापत्रकानुसार पहिल्या वर्षात फक्त ६० नमुने मोजले जातात आणि यंत्रे दुसऱ्या वर्षात लागतात. पहिल्या वर्षाचा पैसा न वापरता पडून राहिला तर पुढचा हप्ता अडू शकतो. उलट दुसऱ्या वर्षात, जिथे काम सर्वाधिक, तिथे पैसा अपुरा पडतो. कोणत्याही प्रस्तावात दरवर्षी एकच आकडा दिसला की काम खरेच दरवर्षी सारखे आहे का, हे तपासावे. तिसऱ्या वर्षात मोठे उपकरण दिसले तर ते वापरायला वेळ किती उरतो, हेही.

आता सुधारलेली बेरीज. इलेक्ट्रोड आणि मीटर २.५ लाख, बाहेरची तपासणी ३.६ लाख, मानधन १३,९२,६०० रुपये, खडकांची तपासणी ६०,००० रुपये, रसायने ३.५ लाख, गाळणयंत्रे २.१ लाख, गाडीभाडे आणि परिषदांसाठी ६०,००० मिळून प्रवास ३,६४,००० रुपये आणि आकस्मिक खर्च १.५ लाख. एकूण ३१,३६,६०० रुपये. मूळ मागणीपेक्षा ही रक्कम सुमारे साडेसतरा लाखांनी कमी आहे. तरीही एक उपकरण आणि न बदललेला आकस्मिक खर्च सोडला तर प्रत्येक शीर्षातली रक्कम वाढलेली आहे, आणि तिन्ही उद्दिष्टे आता पूर्ण होऊ शकतात. सरसकट वीस टक्के कपात सुचवली असती तर मूळ रक्कम ३९ लाखांवर आली असती, उपकरण बहुधा तसेच राहिले असते आणि आधीच अपुऱ्या असलेल्या प्रवास व रसायनांना पुन्हा कात्री लागली असती.

अभिप्राय लिहिताना

अभिप्रायात दोषांचे दोन गट करावेत. सुधारता येणारे दोष एका बाजूला, जसे मानधनाचा दर, टिसॅबचे प्रमाण, फेऱ्यांचे महिने. उद्दिष्टालाच धक्का लावणारे दोष दुसऱ्या बाजूला, जसे भूवैज्ञानिकाचा अभाव किंवा नैतिकता मान्यतेचा विचारच नसणे. पहिल्या गटातले दोष कितीही असले तरी त्यांवरून चांगला प्रस्ताव फेटाळू नये. दुसऱ्या गटातला एकही दोष अनुत्तरित असेल तर मंजुरी देऊ नये. प्रत्येक आक्षेपासोबत आपला गुणाकार लिहावा, म्हणजे अर्जदाराला तो पडताळता येतो आणि परीक्षकाची चूक असेल तर तीही दाखवता येते. परीक्षकाला त्या तालुक्यातले गाडीभाडे किंवा त्या गावचा रस्ता ठाऊक नसतो. अशा ठिकाणी निर्णय न देता प्रश्न विचारावा आणि कोटेशन मागावे.

प्रस्ताव लिहिणाऱ्यांनाही हीच पद्धत उपयोगाची आहे. अर्ज पाठवण्यापूर्वी एका कागदावर तीन रकाने करावेत : उद्दिष्ट, त्यासाठीची रक्कम आणि त्याचे महिने. प्रत्येक उद्दिष्टासमोर उरलेले दोन्ही रकाने भरले पाहिजेत आणि प्रत्येक रकमेसमोर एक उद्दिष्ट असले पाहिजे. एखादा रकाना रिकामा राहिला तर अर्ज पाठवण्यापूर्वीच तो भरावा किंवा ती ओळ खोडून टाकावी.